एकच अक्षर असेल तर स्टॅकचा उपयोग काय?

पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला टीओसी, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, शिकलेल्यांना पंपिंग लेमा आठवतो तो नकार देण्यासाठी: अमुक भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री नाही, एवढं दाखवलं की मार्क मिळाले. त्याच लेमातून एक भक्कम होकारही निघतो, तो मात्र बहुतेक तासांना राहून जातो. वर्णमालेत a हे एकच अक्षर असेल, तर प्रत्येक कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा रेग्युलर असते. म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा ओळखणाऱ्या यंत्राचा स्टॅक काढून घेतला आणि नुसता फायनाइट ऑटोमेटन उरला, तरी काही बिघडत नाही.

नोम चॉम्स्कीने १९५६ मध्ये व्याकरणांची उतरंड मांडली ती माणसांच्या भाषांसाठी. पुढे अल्गोल ६० या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वाक्यरचनेचं वर्णन याच कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणांशी जुळतं हे लक्षात आलं आणि या विषयात संगणकवाले शिरले. १९६१ मध्ये बार-हिलेल, पर्लेस आणि शामीर यांनी पंपिंग लेमा दिला. १९६२ मध्ये सेमूर गिन्सबर्ग आणि गॉर्डन राइस यांच्या अल्गोलशी संबंधित निबंधात एका अक्षराबद्दलचा हा निष्कर्ष आला. त्याच सुमारास पालनपूरला जन्मलेले रोहित पारिख एमआयटीत याहून व्यापक गोष्ट सिद्ध करून बसले होते. तिच्याकडे नंतर येऊ.

आधी एक व्याकरण घेऊ.

```
S → aSSa | a
```

पहिला नियम वापरला की दोन a वाढतात आणि एका S च्या जागी दोन S येतात. तो n वेळा वापरला तर शेवटी n + १ इतके S उरतात आणि त्या प्रत्येकाचा एक a होतो. एकूण लांबी २n + n + १, म्हणजे ३n + १. भाषा निघाली १, ४, ७, १० अशा लांब्यांची. वरवर कंसांच्या जोड्यांसारखं दिसणारं हे व्याकरण प्रत्यक्षात `a(aaa)*` एवढंच सांगतं. डावा a कोणता आणि त्याच्या जोडीचा उजवा कोणता, हे शब्दाकडे बघून कळायला मार्गच नाही.

आता कुठलंही व्याकरण घ्या. लेमा म्हणतो, एक ठरावीक p असतो. n लांबीचा शब्द भाषेत असेल आणि n हा p पेक्षा लहान नसेल, तर त्याचे uvwxy असे तुकडे पडतात आणि v व x बरोबरीने हवे तितक्या वेळा वाढवता येतात. एरवी v आणि x वेगवेगळ्या जागी असणं हीच डोकेदुखी. इथे सगळी अक्षरं सारखी, त्यामुळे उरतो फक्त v आणि x यांच्या लांब्यांच्या बेरजेचा आकडा, d. म्हणजे n, n + d, n + २d या सगळ्या लांब्या भाषेत आहेत.

अडचण एकच: प्रत्येक शब्दाचा d निराळा. पण तो १ ते p यांच्यातलाच असतो, म्हणून p! ला त्याने नेमका भाग जातो. p! ला q म्हणू. मग p किंवा त्याहून मोठी कुठलीही लांबी भाषेत असेल, तर तिच्यात q कितीही वेळा मिळवला तरी उत्तर भाषेतच राहतं. q ने भागल्यावर बाकी q प्रकारचीच येऊ शकते. प्रत्येक बाकीसाठी p पासून पुढची, भाषेतली सर्वांत लहान लांबी शोधायची. तिथून त्या बाकीच्या सगळ्या लांब्या आल्याच. काही मोजके छोटे शब्द आणि ठरावीक संख्येच्या अंकगणिती श्रेढी, एवढ्याने भाषा संपते. सरळ सुरुवात आणि पुढे एक चक्र, असा फायनाइट ऑटोमेटन तिला पुरतो.

म्हणूनच ज्यांची लांबी वर्गसंख्या आहे अशा a च्या शब्दांची भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री असूच शकत नाही: वर्गांमधलं अंतर वाढतच जातं, श्रेढीतलं वाढत नाही.

स्टॅक फुकट मात्र जात नाही, तो जागा वाचवतो. A₁ → A₂A₂, A₂ → A₃A₃ अशी साखळी करून शेवटच्या Aₕ ला a द्या. h नियमांत नेमका एकच शब्द तयार होतो, `2^(h-1)` लांबीचा. ऑटोमेटनला तेवढ्या पायऱ्या खरोखर मोजाव्या लागतात. h = २१ घेतला की दहा लाखांहून जास्त अवस्था.

पारिख यांनी १९६१ च्या एमआयटी अहवालात अनेक अक्षरांचा प्रश्न घेतला. जर्नलमध्ये तो निबंध १९६६ ला आला. शब्दातला क्रम विसरून फक्त कोणतं अक्षर किती वेळा आलं हे मोजलं, तर कॉन्टेक्स्ट-फ्री भाषेची मोजणी एखाद्या रेग्युलर भाषेसारखीच असते. aⁿbⁿ स्वतः रेग्युलर नाही, पण मोजणीत ती आणि `(ab)*` एकच. एका अक्षराला विसरण्याजोगा क्रमच नसतो, त्यामुळे तिथे मोजणी म्हणजेच भाषा.

उलट दिशेने हे प्रमेय वापरायला जाल तर फसाल. aⁿbⁿcⁿ ची मोजणी `(abc)*` सारखीच निर्दोष येते, तरी ती भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री नाही.