टेलरच्या नावावर मॅक्लॉरिनची रीत

मुंबईत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला टेलर सिरीज शिकवतात तेव्हा सहसा असं सांगतात: हवी ती बहुपदी मांडा, एका बिंदूपाशी तिचे डेरिव्हेटिव्ह मूळ फलाशी जुळवा, सहगुणक आपोआप मिळतात. ब्रूक टेलर मात्र या वाटेने गेलाच नव्हता. १७१५च्या त्याच्या ग्रंथात सुरुवात होते न्यूटनच्या सांत फरकांच्या, म्हणजे ठरावीक पायरीवरच्या किमतींमधल्या फरकांच्या, सूत्रापासून. पायरी लहान करत करत शून्याकडे नेली की टेलरची श्रेणी उरते.

जुळवणीची रीत स्वच्छपणे दिसते ती कॉलिन मॅक्लॉरिनच्या १७४२च्या ग्रंथात. समजा,

f(x) = a₀ + a₁x + a₂x² + a₃x³ + …

x = 0 ठेवलं की फक्त a₀ उरतो. एकदा विकलन करून पुन्हा शून्य ठेवलं की a₁. दर विकलनासरशी सुरुवातीचं एक पद गळतं आणि घात खाली उतरतात, म्हणून तिसऱ्या वेळी 3·2·1·a₃ हाती येतं. k व्या सहगुणकासाठी भागाकारात k! येतो तो इथूनच. मॅक्लॉरिनने श्रेय टेलरलाच दिलं होतं, तरी पुढच्यांनी शून्यापाशीच्या श्रेणीला मॅक्लॉरिनचंच नाव चिकटवलं.

खरं तर दोघांच्याही आधी जेम्स ग्रेगरीने १६७१मध्ये tan आणि sec च्या श्रेणी पत्रातून कळवल्या होत्या. त्याची आकडेमोड एका पुस्तकविक्रेत्याच्या पत्रामागच्या कोऱ्या जागेत सापडली, तीही विसाव्या शतकात. sin ची श्रेणी तर केरळात माधवाच्या परंपरेत कितीतरी आधी होती; मात्र तिथली वाट वर्तुळाच्या भूमितीची, विकलनाची नव्हे.

मुंबईचा अक्षांश साधारण १९° धरून sin काढू. शून्यापाशी sin आणि त्याच्या पहिल्या तीन डेरिव्हेटिव्हची मूल्यं क्रमाने 0, 1, 0, −1 येतात, म्हणून बहुपदी x − x³/6. कोन रेडियनमध्ये 0.33161. उत्तर 0.32553, खरं मूल्य 0.32557. अंशातलेच १९ घातले तर उत्तर उणे अकराशेच्या पलीकडे जातं, म्हणजे चूक लपत नाही. कारण sin चा डेरिव्हेटिव्ह cos येतो तो रेडियनमध्येच.

जुळवणी एकाच बिंदूची, तेव्हा दूर गेल्यावर काय? १८०° ला x⁵/120 हे पद मिळवूनही 0.52 येतं, हवं होतं शून्य. किती चुकेल याचं माप लाग्रांजने १७९७मध्ये शेषपदातून दिलं. पण डेरिव्हेटिव्ह कळले की फल कळलंच, हा त्याचा भरवसा कोशीने १८२०च्या दशकात मोडला. e^(−1/x²) हे फल घ्या, शून्यापाशी किंमत 0 धरून. तिथे त्याचे सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य येतात. रीत इमानाने पाळली तर प्रत्येक सहगुणक शून्य, आणि शून्याच्या डावी-उजवीकडे फल मात्र कुठेच शून्य नाही.