इमल्सिफायर आणि स्टॅबिलायझर: नारळाच्या दुधाच्या पाकिटावरचे दोन शब्द

नारळाच्या दुधाचं पाकीट उलटं करून घटकांची ओळ वाचली, तर बरेचदा असं काहीतरी दिसतं: नारळाचा अर्क, पाणी, इमल्सिफायर (आयएनएस ४३५), स्टॅबिलायझर (आयएनएस ४१२). आयएनएस हे खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. ४३५ म्हणजे पॉलिसॉर्बेट ६०, ४१२ म्हणजे गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पूड. दोन्ही नावं शेजारी छापलेली असतात, म्हणून दोन्ही ‘दूध घट्ट राहावं म्हणून घातलेलं काहीतरी’ असं समजून आपण पुढे जातो. पण दोघांची कामं वेगळी आहेत, आणि ती कळली की पाकिटातला रस कुठे चालेल आणि कुठे नाही, हे आधीच सांगता येतं.

सुरुवात घरच्या रसापासून करू. ओलं खोबरं खवून, वाटून, कोमट पाण्यात पिळून काढलेला पहिला जाड रस म्हणजे पाण्यात विखुरलेले खोबरेलाचे असंख्य बारीक थेंब. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, तरी रस पांढरा, एकजीव दिसतो, कारण खोबऱ्यातली प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण धरतात. म्हणजे इमल्सिफायरचं काम इथे नारळच करतो, पण ते फार भक्कम नसतं. रस पातेल्यात काही तास ठेवला की वर जाड साय येते आणि खाली पाणचट भाग उरतो.

इथे दोन घटना वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली, साय वर येणं. थेंब पाण्यापेक्षा हलके म्हणून वर सरकतात, पण प्रत्येकाचं आवरण शाबूत असतं. पळीने ढवळलं की रस पुन्हा एकजीव होतो. दुसरी घटना म्हणजे तेल सुटणं. आवरण फाटतं, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर पारदर्शक तवंग दिसतो. आता कितीही ढवळा, पहिल्यासारखा रस होत नाही. पातेल्यात नेमकं काय झालंय हे ओळखायची खूण हीच: वरचा थर पांढरा आणि मऊ असेल तर ती साय, चकचकीत आणि आरपार दिसणारा असेल तर ते तेल.

इमल्सिफायर काम करतो तो थेंबाच्या पृष्ठभागावर. त्याच्या रेणूचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्यात राहतं, आणि थेंबाभोवती असं आवरण तयार होतं जे दोन थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. कारखान्यात रस मोठ्या दाबाखाली बारीक फटीतून सोडतात. थेंब चिरडून खूप लहान होतात आणि तयार होणाऱ्या नव्या पृष्ठभागावर इमल्सिफायर लगेच जाऊन बसतो. लहान थेंबाचा फायदा मोठा आहे: व्यास निम्मा झाला की वर चढण्याचा वेग चौथा हिस्सा होतो.

स्टॅबिलायझर थेंबाला हातही लावत नाही. गवार गमचे लांबलचक धागे पाण्यात फुगतात आणि थेंबांभोवतीचं पाणीच दाट करतात. मग वर चढणाऱ्या थेंबाची अवस्था ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून चालणाऱ्या माणसासारखी होते. तो पुढे सरकतो, पण फार सावकाश. म्हणून साय येणं लांबवणारा तो स्टॅबिलायझर आणि तेल सुटू न देणारा तो इमल्सिफायर. नुसता गम घातला तर रस दाट दिसेल, पण तापवल्यावर आवरण फाटायचं ते फाटेलच.

सोलकढीत हा फरक डोळ्यांना दिसतो. घरच्या रसात आगळ घातलं, मीठ टाकलं आणि कढी ठेवून दिली, तर काही वेळाने वर गुठळीदार पांढरा थर आणि खाली गुलाबी पाणी होतं. प्रथिनांच्या आवरणावर विद्युतभार असतो आणि त्याच्या जोरावर थेंब एकमेकांना दूर ठेवतात. आगळाच्या आंबटपणाने तो भार जवळजवळ नाहीसा होतो, मीठ त्याला आणखी झाकतं, आणि थेंब एकमेकांना चिकटून झुबके होतात. पॉलिसॉर्बेटचं आवरण भारावर अवलंबून नसतं, म्हणून पाकिटाच्या रसाची कढी बराच वेळ एकसारखी गुलाबी राहते. घरची कढी खराब झाली असं मात्र नव्हे. वाढताना ढवळली की पुरे, आणि चवीत ती पाकिटाच्या कढीच्या कितीतरी पुढे आहे, असं माझं ठाम मत आहे.

“जाड रस घातल्यावर उकळी काढू नको, फुटेल,” ही स्वयंपाकघरातली ताकीदही इथेच उलगडते. साधारण ८० अंश सेल्सियसच्या वर खोबऱ्यातली प्रथिनं गोठतात, आवरण जातं, आणि आमटीवर तेल व रवा दिसतो. पाकिटाचा रस उकळी बऱ्यापैकी सोसतो. उलट जिथे रस आटवून तेल काढायचंच आहे, तिथे तो गैरसोयीचा, कारण तेल सहजी सुटत नाही. फ्रीजचंही लक्षात ठेवा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून फ्रीजमध्ये पाकिटातल्या रसाच्याही गुठळ्या होऊ शकतात. ते नासणं नव्हे. कोमट करून ढवळल्यावर गुठळ्या विरल्या आणि वास ताजा असला तर रस वापरता येतो.

मात्र नावावरून सगळंच काम ठरवू नये. हापूसच्या आइस्क्रीमच्या डब्यावर ४७१ हा इमल्सिफायर बहुधा असतो, आणि तिथे त्याचं काम जवळजवळ उलटं असतं. तो दुधातल्या चरबीच्या थेंबांवरून प्रथिनांना बाजूला सारतो, जेणेकरून मिश्रण घुसळताना थेंब थोडेफार एकमेकांना चिकटावेत आणि आत मिसळलेली हवा धरून ठेवावी. बर्फाचे खडे मोठे होऊ नयेत, हे काम तिथल्या स्टॅबिलायझरकडे. ४७१ वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या चरबीपासून बनू शकतो आणि क्रमांकावरून ते कळत नाही. त्यासाठी शाकाहाराचं हिरवं चिन्ह पाहावं. ४६६ सारखं द्रव्य एका पाकिटावर स्टॅबिलायझर म्हणून, तर दुसऱ्यावर घट्टपणा आणणारं म्हणून छापलेलं सापडेल, कारण त्याला एकाहून अधिक कामं येतात आणि उत्पादक आपल्या पदार्थातलं काम लिहितो.

आणि कधी इमल्सिफायर हा शब्द नसतानाही त्याचं काम चालू असतं. नारळाच्या दुधाच्या भुकटीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं. ते गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन, आणि तेलाच्या थेंबांभोवती आवरण तेच धरतं. नारळाचं म्हणजे दूधविरहित असं धरून, दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी कुणी ही भुकटी घेत असेल, तर घटकांच्या ओळीत केसिनेट आणि तिच्याखाली छापलेली अ‍ॅलर्जीची सूचना, दोन्ही वाचूनच ती घ्यावी.