गूळ पाझरतो, घसा सुकतो

कापूस वेचणीच्या दिवसांत दारव्ह्याकडे बहिणीच्या गावी गेलो होतो. 21 वर्षांचा भाचा रात्रभर कोरडा खोकत होता. आजीच्या मते नजर लागली होती, भाऊजींच्या मते जिनिंगची धूळ. पण जिनिंग बंद असलेल्या दिवशीही खोकला तेवढाच. शेवटी कळलं, खिशात वेप, म्हणजे ई-सिगारेट, असतो आणि शनिवारी मित्राच्या शेतावर हुक्का. "मामा, हुक्क्याचा धूर तर पाण्यातून गाळून येते न!"

पाणी धूर गार करतं, गाळत मात्र फारसं नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गार धूर टोचत नाही, म्हणून झुरका उलट खोल जातो. हुक्क्यानंतर डोकं गरगरणं हे बहुधा त्याच वायूचं काम. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं.

पण घसा कोरडा का पडतो? मला गंमत वाटते ती इथे. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचं गवत असतं. हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलून कफाची चादर, तिच्यावर चिकटलेल्या धुळीसकट, घशाकडे ढकलतात. ते हलतात पातळ पाण्याच्या थरात, आणि तो थर जेमतेम 7 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका. वेपच्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. दोन्ही पाण्याची हावरी. पावसाळ्यात डब्यातला गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो ना, तसंच. फक्त इथे पाणी ओढलं जातं घशाच्या अस्तरातून. थर आटला की कफ घट्ट होऊन केसांवर बसतो, केस अडखळतात, आणि झाडलोट थांबली की शरीर खोकून कफ फेकायला बघतं. निकोटीन असेल तर हे आणखी बिघडतं, आणि 'निकोटीन नाही' असं छापलेल्या द्रवातही ग्लिसरीन असतंच. (2019 पासून देशात वेप विकायलाच बंदी आहे. तेव्हा चोरून आलेल्या डबीवरच्या छापील मजकुरावर किती भरवसा ठेवायचा?)

तरी सगळं वेपवर ढकलून मी मोकळा झालो नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला होता आणि हुक्क्याची एकच नळी पाच तोंडांत फिरत होती. म्हणून ग्रामीण रुग्णालयात क्षयासाठी थुंकी तपासली. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन किंवा थुंकीत रक्त असतं, तर एवढे दिवसही थांबलो नसतो. आणि वेप ओढणाऱ्याला ताप, उलट्या आणि दम लागणं एकत्र सुरू झालं, तर त्याच दिवशी छातीचा एक्स-रे हवा. 2019 मध्ये अमेरिकेत तरुणांची फुप्फुसं अशीच बिघडली होती. त्यात मुख्य दोषी ठरलं द्रवात मिसळलेलं ई-जीवनसत्त्वाचं तेल.

थुंकीत काही निघालं नाही. वेप सुटला, पण पहिल्या आठवड्यात खोकला वाढला, आणि आता कफासकट. भाचा घाबरला. सिगारेट सोडणाऱ्यांतही हे दिसतं: केस पुन्हा हलू लागले की साचलेलं वर येतं. महिनाभरात रात्रीचा खोकला थांबला. आजी म्हणते, तिनं मीठ-मिरची उतरवली म्हणून.