४० हर्ट्झवर पंप चालवला, तर वीजबिल अर्धं होतं का?

सोसायटीच्या बैठकीत एक विक्रेता व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचे फेरे कमी-जास्त करणारं यंत्र, विकायला आला होता. पंपाच्या मोटरला ५० ऐवजी ४० हर्ट्झ वीज द्या, बिल थेट अर्धं, असं त्याचं म्हणणं. फळ्यावर त्याने ०.८ चा घन मांडला, उत्तर आलं ०.५१२. गणित बरोबर होतं. पाणाड्याच्या हातावरच्या नारळात असलं काही गणित नसतं, म्हणून तो निदान ओळखू येतो. इथे नियम खरा आणि निष्कर्ष चुकीचा.

आधी नियम बघू. इम्पेलर म्हणजे पंपातलं ते पात्यांचं चाक. ते पाण्याला कडेला भिरकावतं. फेरे १० टक्के कमी केले, की कडेचा वेग १० टक्के घटतो आणि दर सेकंदाला बाहेर पडणारं पाणीही तेवढंच घटतं. पाणी किती उंच चढेल, म्हणजे हेड, हे मात्र वेगाच्या वर्गावर ठरतं. दगड दुप्पट वेगाने वर फेकला तर तो चौपट उंच जातो, तेच हे. पाणी गुणिले हेड म्हणजे शक्ती. ती म्हणून वेगाच्या घनाने बदलते.

आता खरी गंमत. हा नियम पंपाचा आहे, तुमच्या पाइपांचा नाही. पंपाच्या आलेखावरचा प्रत्येक बिंदू नव्या वेगाला कुठे सरकेल, एवढंच तो सांगतो. पंप प्रत्यक्षात कोणत्या बिंदूवर चालणार, हे पाइप आणि टाकीची उंची ठरवतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे धरलेत, पण मध्यम इमारतीला शोभतील असे. तळटाकीतल्या पाण्यापासून गच्चीवरची टाकी २४ मीटर उंच. पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतो, तेव्हा पाइपातल्या घर्षणात आणखी ६ मीटर खर्ची पडतात. व्हॉल्व्ह बंद असताना पंपाचं हेड ३८ मीटर. सेकंदाला Q लिटर पाणी धरून दोन वक्र असे मांडता येतात:

```
पंप:   H = 38 - 0.08 Q²
पाइप:  H = 24 + 0.06 Q²
```

दोन्ही जुळतात ते Q = १० वर, ३० मीटरला. वेग ९० टक्के केला (४५ हर्ट्झ), की नियमाने ३८ चे ३०.८ होतात, ०.०८ मात्र तसाच राहतो. पुन्हा जुळवलं तर पाणी मिळतं ७ लिटर, ९ नव्हे. ४० हर्ट्झवर ३८ चे २४.३ उरतात. टाकी २४ वर. पाणी येतं कसंबसं दीड लिटर! अजून थोडं खाली गेलं, की पंप आतलंच पाणी घुसळत, तापवत बसेल.

आणि वीज? पूर्ण वेगाला कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर पंपाला साडेचार किलोवॉट लागतात आणि १०,००० लिटर पाणी १७ मिनिटांत चढतं. खर्च सव्वा युनिट. ४० हर्ट्झवर कार्यक्षमता २२ टक्क्यांच्या आसपास कोसळते असं धरू. शक्ती १.६ किलोवॉटवर येते, म्हणजे विक्रेत्याने सांगितलं त्याहूनही कमी. पण टाकी भरायला लागतात ११० मिनिटं, आणि खर्च जातो जवळपास तीन युनिटांवर. ४५ हर्ट्झवर बचत अगदी थोडी, तीही व्हीएफडीचा स्वतःचा खर्च न धरता.

पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसारखं पाणी नुसतं गोल फिरत असेल, तर चढायची उंची जवळपास नसते. तिथे घनाचा नियम पुष्कळसा खरा ठरतो आणि व्हीएफडी खरंच पैसे वाचवतं.

वेग न बदलता इम्पेलर लेथवर कापूनही हेच साधतात. वेगाच्या जागी व्यास घातला, की सूत्रं तीच. पण इथे नियम ढोबळ होतो. चाक लहान झालं तरी बाहेरचं कवच, आतलं तोंड तसंच राहतं. पात्याचं टोक आणि कवच यांतली फट वाढते, पात्यांची लांबी घटते, त्यामुळे हेड सूत्रापेक्षा जास्त घटतं. म्हणून १६० मिलिमीटरच्या चाकासाठी हिशोबात १४४ आलं, तर जाणता माणूस आधी १४८ च्या आसपास थांबतो, पंप चालवून बघतो आणि मग पुढचा कट घेतो. कापलेला धातू परत लावता येत नाही. मूळ व्यासाच्या पाऊण हिश्श्याखाली तर सहसा कुणी जात नाही.

तुमच्या पंपाचं काय, ते एका प्रेशर गेजवर कळेल. पंपानंतरचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद करून, त्याच्या अलीकडच्या गेजवर दाब वाचा. १ किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर. आमच्या उदाहरणात ३.८ दिसेल. त्याला ०.६४ ने गुणलं, की ४० हर्ट्झचा आकडा मिळतो, २.४३. टाकीची उंची २.४ किलोची. फरक ०.०३.