फोटोत केस लांबवताना चकाकी कुठे चुकते

खांद्यापर्यंतचे केस फोटोत छातीपर्यंत न्यायचे असले, की दुसऱ्या फोटोतून केसांचा तुकडा कापून आणायचा, रंग जुळवायचा आणि खाली जोडायचा, एवढं बहुतेकांना जमतं. तरीही बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. रंगाची चूक सहसा नसतेच. चकाकीचा पट्टा नको तिथे पडलेला असतो.

चमचमणारा भाग केसाला चिकटलेला नसतो. प्रकाश, कॅमेरा आणि त्या ठिकाणी केसाचा कल, या तिघांवर त्याची जागा ठरते. समजा, प्रकाश समोरून आणि 45 अंश वरून येतोय, कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर आहे. मग प्रकाश आणि कॅमेरा या दोन दिशांची मधली रेषा 22 अंशांच्या आसपास वर झुकलेली असते. केस जिथे या रेषेशी काटकोनात असतो, म्हणजे त्याचं खालचं टोक कॅमेऱ्याकडे थोडं पुढे आलेलं असतं, तिथे तो सर्वांत जास्त चमकतो. डोक्याच्या गोलाईवर अशी जागा मिळते, म्हणून तिथे आडवा पट्टा दिसतो. त्याखाली केस सरळ लोंबतात आणि चमक विझते. खांद्यावरून छातीवर उतरताना ते पुन्हा पुढे कलतात, तेव्हा तिथे दुसरी, छोटी आणि तुटक चमक येते. डोक्यावरचे केस कॉपी करून खाली लावले, की मानेजवळ एक पूर्ण पट्टा उगवतो. तिथे तो येण्याचं कारणच नसतं.

आणखी एक बारकावा. केसावरचे खवले टोकाच्या दिशेने सुमारे 3 अंश उघडलेले असतात. पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश दिव्याच्याच रंगाचा असतो आणि मुळाकडे सरकतो. आत शिरून मागच्या भिंतीवरून परतणारा प्रकाश केसाचा रंग घेऊन टोकाकडे सरकतो. संगणक-चित्रणाचे संशोधक स्टीव्ह मार्शनर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये केसांवर मोजमापं करून हे मांडलं. म्हणून तपकिरी केसांत पट्ट्याची वरची कड पांढुरकी, खालची तांबूस असते. वळण जुळावं म्हणून तुकडा उलटा केला, की हा क्रम फिरतो. काळ्याभोर केसांत आत शिरलेला प्रकाश जवळपास शोषला जातो, त्यामुळे तिथे ही चूक सहज लपते. प्रकाश एका बाजूने येत असेल, तर आडवा पलटलेला तुकडा मात्र कुठल्याच रंगात लपत नाही, कारण प्रकाशाची बाजूच बदलते.

आता जोड. मूळ केसांची टोकं विरळ होत गेलेली असतात. त्यांच्याखाली दाट तुकडा लावला, की पायरी दिसते. म्हणून जोड टोकांपाशी न ठेवता कानाच्या पाळीच्या आसपास, केस भरगच्च असतात तिथे घ्यावा आणि जुनी टोकं नव्या केसांखाली झाकावीत. मास्कची कड आडवी नको. बारीक ब्रशने बटांच्या दिशेनेच, वर-खाली दातेरी काढायची. मग `Warp` वापरून तुकड्यातली प्रत्येक मोठी बट वरच्या बटेच्या रेषेत आणायची. खांद्यावर आल्यावर काही बटा पुढे, काही मागे जातात. सगळ्याच पुढे आल्या तर पडदा टांगल्यासारखं वाटतं. तुकडा फार ताणूही नये. खांद्यांची 40 सेंटिमीटर रुंदी फोटोत 1200 पिक्सेल असेल, तर 0.08 मिलिमीटरचा केस पाव पिक्सेलचा होतो. म्हणजे फोटोत आपण सुटा केस क्वचितच बघतो, बघतो त्या बटा. ताणल्यावर त्यांचे दोरखंड होतात.

शेवटी खांद्यावरची सावली, आणि इथे मला सर्वांत जास्त ढिलाई दिसते. केसांच्या आकाराची प्रत केसांच्या थराखाली, शरीराच्या थरावर ठेवून ती `Multiply` मध्ये प्रकाशाच्या उलट बाजूला सरकवतात आणि सगळीकडे सारखीच धूसर करतात. प्रत्यक्षात धूसरपणा अंतरावर अवलंबून असतो. वरच्याच मापाच्या फोटोत प्रकाश दोन मीटरवरच्या, एक मीटर रुंद खिडकीतून येत असेल, तर खांद्यापासून 2 सेंटिमीटर सुटलेल्या बटेची सावली सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे 30 पिक्सेलभर पसरट कडेची होते. बट जिथे खांद्याला टेकते तिथे कड जवळपास धारदार आणि सावली गडद असते. कडक उन्हात तीच 2 सेंटिमीटरवरची बट अर्ध्या पिक्सेलचीच मऊ कड देते. म्हणून सावलीचे दोन थर करावेत: टेकण्याच्या जागी अरुंद आणि गडद, सुटलेल्या भागाखाली रुंद आणि फिकट.

काळा रंग सावलीला वापरू नये. त्वचेत प्रकाश आत शिरून पसरतो आणि लाल सर्वांत दूर जातो, म्हणून उघड्या खांद्यावर सावलीच्या कडेला किंचित तांबूस छटा लागते. पांढऱ्या कपड्यावर तशी छटा नसते. तिथे सावली आजूबाजूच्या प्रकाशाचा रंग घेते, मोकळ्या आकाशाखाली निळसर. एकच बट गळ्यावरून कपड्यावर उतरत असेल, तर कपड्याच्या कडेशी तिच्या सावलीचा रंग बदललाच पाहिजे. नेमका किती, हे त्याच फोटोतल्या हनुवटीच्या किंवा कॉलरच्या सावलीवरून उचलता येतं.