अतिरिक्त कार्यभाराचा आदेश: त्यात अधिकार आणि मुदत का लिहायची

सरकारी कार्यालयात 31 मे हा दिवस वेगळाच असतो. एका पिढीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना 1 जून लावलेली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असला की आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवानिवृत्ती, म्हणून 31 मेला एकाच वेळी अनेक खुर्च्या रिकाम्या होतात. दुपारपर्यंत निरोप समारंभ उरकतात आणि आस्थापना शाखेत प्रश्न उभा राहतो: उद्यापासून सही कोणाची?

त्याचे उत्तर म्हणजे एक पानी कार्यालयीन आदेश. मी ठाण्यात आस्थापना शाखेत असताना असे आदेश बरेच टंकित केले आणि त्यातला एक चुकताना जवळून पाहिला. कार्यालयाचे नाव सांगत नाही. जिल्हास्तरीय कार्यालयाचे प्रमुख 31 मेला निवृत्त झाले. 3 जूनला वरिष्ठ कार्यालयाकडून आदेश आला. त्यात मुख्य वाक्य एकच होते: "नियमित अधिकारी उपलब्ध होईपर्यंत श्री. अमुक यांनी उक्त कार्यालयाचे कामकाज पाहावे." सगळ्यांना ते पुरेसे वाटले. जूनचे वेतन देयक 20 तारखेच्या सुमारास कोषागारात गेले आणि आक्षेप लागून परत आले. आदेशात आहरण व संवितरणाचे, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटण्याचे अधिकार दिलेले नाहीत, नमुना स्वाक्षरी कशाच्या आधारे स्वीकारायची, असा तो आक्षेप होता. सुधारित आदेश यायला जुलै उजाडला. पस्तीसेक माणसांचा पगार दुसऱ्या आठवड्यात झाला. त्यात दोघांचे गृहकर्जाचे हप्ते चुकले, हे मला अजून आठवते.

त्या आदेशात "कामकाज पाहावे" आणि "पदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात येत आहे" यांतला फरक कोणी पाहिला नव्हता. हा फरक कुठून आला, हे कळले की असा आदेश कसा लिहायचा तेही कळते.

दुसऱ्याच्या वतीने सही करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश सोडून बाकीच्यांना स्वारीवर जावे लागे, तेव्हा त्यांच्या मागे दप्तराचे काम मुतालिक पाहत. मात्र मुतालिक हा हयात आणि पदावर असलेल्या माणसाचा प्रतिनिधी. अधिकार मूळ माणसाचे, मुतालिक ते त्याच्या नावाने चालवी. रिक्त पदाचे तसे नसते. तिथे वतीने सही करायला मूळ माणूसच नसतो, म्हणून अधिकार थेट नेमणूक करणाऱ्याने द्यावे लागतात. निवृत्त साहेबांच्या नावापुढे "करिता" लिहून सही करणारे मी पाहिले आहेत. ती सही मुळात उभीच राहत नाही.

आजच्या नियमांचे मूळ पैशात आहे. 1 जानेवारी 1922 पासून मूलभूत नियम लागू झाले. त्यातला 49 वा नियम एकाच माणसाने दोन पदे सांभाळण्याविषयी आहे, आणि त्याला पडलेला प्रश्न एवढाच की दोन पदे सांभाळणाऱ्याला वेतन किती द्यायचे. केंद्रात हा नियम सुधारणांसह आजही आहे. वेगळ्या संवर्गातील पदाचा पूर्ण कार्यभार रीतसर सोपवला आणि तो 45 दिवसांपेक्षा जास्त काळ राहिला, तर त्या जादा पदाच्या अनुमानित वेतनाच्या 10 टक्के रक्कम मिळते. ती तीन महिन्यांपर्यंतच. पुढे द्यायची तर वेगळी सहमती लागते. केवळ दैनंदिन कामकाज सोपवले असेल तर काहीच मिळत नाही. आपल्याकडे आधी 1959 चे मुंबई नागरी सेवा नियम होते, मग 15 ऑगस्ट 1981 पासून महाराष्ट्र नागरी सेवा नियम आले. त्यांतल्या वेतन नियमांचा नियम 56 अतिरिक्त कार्यभाराच्या वेतनाचा. आस्थापनेत "छप्पनचा प्रस्ताव" म्हटले की सगळ्यांना कळते.

म्हणजे आदेशातली मुदत मुळात हिशेबासाठी आली. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे ठरल्याशिवाय लेखाधिकारी एक रुपया मंजूर करणार नाही. अधिकारांचा प्रश्न नंतर पुढे आला, आणि तो न्यायालयांनी आणला.

1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अजायब सिंग विरुद्ध गुरबचन सिंग हे प्रकरण आले. पंजाबातल्या एका माणसाला भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले होते. त्या कायद्यात अट होती की स्थानबद्ध करणारा अधिकारी जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाहून खालचा नसावा. आदेशावर सही होती अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याची, आणि जिल्हादंडाधिकाऱ्याचे अधिकार त्याच्याकडे असल्याचे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. एखाद्या पदाचे अधिकार वापरता येणे आणि त्या पदावर नेमणूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या, आणि स्थानबद्धता टिकली नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे. कायद्याने दर्जा मागितला असेल तिथे कार्यभाराचा आदेश कितीही नीट लिहिला तरी भागत नाही.

दुसरीकडे कार्यभार मिळालेल्यांनाही हा आदेश बढतीसारखा वाटू लागला होता. 1991 च्या रमाकांत श्रीपाद सिनाई अडवलपालकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वरच्या पदाचा कार्यभार म्हणजे पदोन्नती नव्हे. माणूस आपल्या मूळ पदावरच राहतो आणि वरचे काम तात्पुरती सोय म्हणून करतो. दोनच वर्षांनी हरियाणाच्या शर्मा प्रकरणात, कार्यकारी अभियंत्याचा चालू कार्यभार काढून घेतला म्हणून तक्रार करण्याचा हक्क पोहोचत नाही, असेही ठरले.

या दोन टोकांमध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाचे 11 ऑगस्ट 1989 चे ज्ञापन आहे. ते मला फार नेमके वाटते. त्याचा आशय असा की अधिकाऱ्याला दुसऱ्या पदाची वैधानिक कामे, म्हणजे एखाद्या अधिनियमाने किंवा नियमाने त्या पदाला दिलेले अधिकारही वापरायचे असतील, तर सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन रीतसर नियुक्तीचा आदेश काढायचा, आणि त्याला जादा वेतनही द्यायचे. फक्त रोजचे काम पाहायचे असेल तर साधा कार्यालयीन आदेश पुरतो. पण त्यात अधिकारी कोणती कामे करील, कोणती करणार नाही आणि जादा वेतन मिळणार नाही, हे स्पष्ट लिहायचे. राज्यात सामान्य प्रशासन विभागाच्या 5 सप्टेंबर 2018 च्या शासन निर्णयाने कार्यभार कोणाला द्यायचा यावर भर दिला. शक्यतो त्याच कार्यालयातल्या वा आस्थापनेवरच्या ज्येष्ठ आणि योग्य अधिकाऱ्याला तो द्यायचा.

आता पुन्हा ठाण्याच्या त्या आदेशाकडे येतो, कारण पगार झाला तरी गोष्ट संपली नव्हती. जूनमध्येच प्रभारी साहेबांनी एका लिपिकाची वेतनवाढ रोखण्याची शिक्षा दिली होती. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 नुसार ही किरकोळ शिक्षा असली तरी ती शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्यानेच द्यावी लागते. "कामकाज पाहावे" एवढ्यावर कोणी शिस्तभंगविषयक प्राधिकारी होत नाही. अपिलात शिक्षा रद्द झाली. सुधारित आदेशात "दि. 1 जूनपासून" असे मागच्या तारखेचे शब्द घातले होते, त्यांचाही उपयोग झाला नाही. वेतनाला कार्योत्तर मंजुरी मिळू शकते. सही केली त्या दिवशी जो अधिकार नव्हता तो मात्र मागाहून आणता येत नाही.

मग जूनमध्ये त्या साहेबांनी लोकांना दिलेले दाखले, परवाने? ते सहसा टिकतात. 1981 च्या गोकराजू रंगराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की नेमणुकीत दोष असला तरी पदाच्या आवरणाखाली, लोकहितासाठी केलेली कामे वैध धरायची, कारण दाखला घेणाऱ्याने अधिकाऱ्याची नेमणूक तपासावी अशी अपेक्षा नसते. हे संरक्षण जनतेसाठी आहे. पद बळकावून बसलेल्याला ते मिळत नाही. पदाच्या आवरणाखाली नव्हे तर कायद्यानेच वगळलेल्या अधिकारात सही झाली असेल तर त्यावर विसंबू नये.

ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे त्याच्याच हाताखालच्या रिक्त पदाचा कार्यभार गेला की एक वेगळी अडचण येते आणि ती सहज नजरेतून सुटते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 19 प्रमाणे पहिले अपील जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. समजा बेलापूरच्या एका कार्यालयात उपसंचालक हे प्रथम अपिलीय अधिकारी आणि सहायक संचालक हे जन माहिती अधिकारी. सहायक संचालकांचे पद रिकामे झाले आणि कार्यभार उपसंचालकांकडेच आला, तर माहिती नाकारणारे आणि अपील ऐकणारे एकच. अर्जदार दुसरे अपील घेऊन कोकण भवनातल्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे गेला की पहिला मुद्दा हाच निघणार. उपाय साधा आहे. या काळात जन माहिती अधिकारी म्हणून कार्यालयातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्याच आदेशात घालायचे, किंवा पहिले अपील कोणाकडे जाईल ते लिहायचे. ज्या पदाच्या निर्णयावर वरच्या पदाकडे अपील असते, अशा प्रत्येक ठिकाणी हे पाहावे लागते.

त्या प्रकरणानंतर आमच्या शाखेत मसुदा बदलला. मुख्य परिच्छेद साधारण असा झाला:

"श्री. ..., (मूळ पद) यांच्याकडे त्यांच्या मूळ पदाचा कार्यभार सांभाळून (रिक्त पद) या पदाचा अतिरिक्त कार्यभार दि. ... रोजी कार्यालयीन वेळेनंतर पासून, दि. ... पर्यंत किंवा नियमित अधिकारी रुजू होईपर्यंत, यापैकी जे आधी घडेल तोपर्यंत सोपविण्यात येत आहे. उक्त कालावधीत ते या पदाचे आहरण व संवितरण अधिकारी म्हणून काम पाहतील. शिस्तभंगविषयक अधिकार आणि (अधिनियमाचे नाव) खालील अधिकार ... यांच्याकडे राहतील."

"पुढील आदेशापर्यंत" हे शब्द एकटे वापरणे आम्ही सोडले. ते असले की कोणी आठवण करत नाही आणि तीन महिन्यांची सोय तीन वर्षे चालते. तारीख असली की संपण्याच्या पंधरा दिवस आधी टिपणी सादर करावीच लागते आणि पद भरण्याच्या प्रस्तावाचे काय झाले ते त्या टिपणीत लिहावे लागते. आदेशाच्या प्रतींची यादीही बदलली. कोषागार अधिकाऱ्यांचे नाव आधी शेवटून दुसरे असे, ते वर आणले, आणि त्यांच्या प्रतीसोबत कार्यभार स्वीकारल्याचे प्रमाणपत्र आणि साक्षांकित नमुना स्वाक्षरी त्याच दिवशी हातोहात पाठवू लागलो.