स्वशब्दांतर

दुसऱ्याने लिहिलेला आशय समजून घेऊन तो आपल्या वाक्यरचनेत मांडणे आणि मूळ लेखकाचे नाव देणे, याला स्वशब्दांतर म्हणतात. शाळेत शिकवले जाणारे सारांशलेखन वेगळे. त्यात मजकूर साधारण एकतृतीयांश होतो, स्वशब्दांतरात मात्र लांबी जवळजवळ तेवढीच राहू शकते. उचललेला निबंध शब्द बदलून आपला म्हणून देणे हे वरवर स्वशब्दांतरासारखेच दिसते, पण ते वाङ्मयचौर्य आहे. म्हणूनच पहिले शिकवायला तयार असलेले शिक्षक दुसरे करून द्यायला नकार देतात.

ठाण्यातल्या कॉलेजांमध्ये पहिल्या रेल्वेवरचा निबंध हमखास सांगितला जातो, म्हणून नमुना तोच घेऊ. समजा, मूळ पुस्तकात असे वाक्य आहे : ‘१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या गाडीला चौदा डबे होते आणि सुमारे चारशे निमंत्रित प्रवाशांना घेऊन तिने चौतीस किलोमीटरचे अंतर पार केले.’ विद्यार्थी ते उतरवून शिकवणीच्या बाईंकडे येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, फक्त शब्द बदलून द्या ना, उद्या सबमिशन आहे.’ बदललेले वाक्य काहीसे असे होते : ‘एप्रिल १८५३ मधील १६ तारखेला दुपारच्या वेळी बोरीबंदर येथून ठाण्याच्या दिशेने सुटलेल्या रेल्वेस १४ बोगी होत्या आणि अंदाजे ४०० आमंत्रित उतारूंसह तिने ३४ किमीचा प्रवास पूर्ण केला.’

दोन्ही वाक्ये एकाखाली एक ठेवली की फसवणूक दिसते. तपशिलांचा क्रम तोच, उपवाक्ये तीच, फक्त प्रत्येक जागी समानार्थी शब्द. अशा लेखनाला अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात ठिगळांची उपमा असलेले नाव दिले. नवशिका लेखक अवघड मजकुराशी झटताना ठिगळे लावतोच, ती शिकण्यातली एक पायरी असते, असेही त्यांचे म्हणणे होते. हे मान्य करावे लागेल. पण ठिगळे लावणारा विद्यार्थी आणि ठिगळे लावून मागणारा विद्यार्थी यांत फरक आहे. तो ओळखायला एक प्रश्न पुरतो : ‘खाली पुस्तकाचे नाव टाकू ना?’ ‘नको, सरांना कळेल’ असे उत्तर आले, तर मदत आशय समजण्यासाठी हवी नसून माग पुसण्यासाठी हवी आहे. बाई नाही म्हणतात ते इथेच.

मग त्या काय शिकवतात? पुस्तक दोनदा वाचून मिटायचे आणि कागदावर वाक्ये न लिहिता तुटक टिपणे काढायची : १८५३, डबे १४, माणसे ४००, निमंत्रित. बाजूला पृष्ठक्रमांक तेव्हाच लिहायचा, कारण तो नंतर सापडत नाही. मग टिपणांना आपला प्रश्न विचारायचा. बारा डब्यांच्या लोकलला लोंबकळणाऱ्याला पहिला प्रश्न गर्दीचाच पडणार. त्यातून वाक्य येते : ‘पहिल्या गाडीत एका डब्यात सरासरी तीस माणसेही नव्हती, आणि सारे निमंत्रित होते (आडनाव, वर्ष, पृ.), तो प्रवास कमी आणि समारंभ जास्त होता.’ इथे सरासरी विद्यार्थ्याने काढली, निष्कर्षही त्याचा. पण चारशे आणि चौदा हे आकडे पुस्तकाचे, म्हणून कंसातला संदर्भ त्यांच्यासाठी. १६ एप्रिल ही तारीख सर्वज्ञात असल्याने तिला संदर्भ लागत नाही. बोरीबंदर, निमंत्रित यांसारखे शब्द बदलण्याचीही गरज नसते. विशेषनामे आणि नेमके शब्द तसेच ठेवावेत. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचे : एखादा लांब शब्दसमूह जसाच्या तसा उतरला असेल, तर त्याला अवतरणचिन्हे द्यायची किंवा वाक्य नव्याने लिहायचे.

मराठी माध्यमात आणखी एक गैरसमज असतो. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणला म्हणजे तो आपला झाला, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो बहुधा सापडतही नाही. पण विचार दुसऱ्याचा असल्याने नाव द्यावेच लागते.

नियमांबद्दलही गोंधळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून ‘दहा टक्के चालते’ असे विद्यार्थी बिनधास्त सांगतात. त्या विनियमांचा रोख प्रबंध, शोधनिबंध आणि पुस्तकांवर आहे. वर्गातले निबंध, प्रकल्प आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तिथे कॉलेजचा आणि शिक्षकाचा नियम चालतो. शिवाय शिक्षकाला टक्केवारी लागतेच असे नाही. ‘निमंत्रितच का होते?’ असे तोंडी विचारले की ज्याने टिपणे काढली तो काहीतरी सांगतो, ज्याने शब्द बदलून घेतले तो कागदाकडे पाहतो.

सबमिशन खरेच उद्यावर आले असेल, तर पाच पानांचा निबंध दोन पानांवर आणता येतो. उचललेले दोन परिच्छेद अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह तसेच ठेवायचे आणि त्यांखाली स्वतःची पाच-सहा वाक्ये लिहायची. गुण थोडे कमी पडतील, पण बाई तेवढ्यासाठी रात्री दहापर्यंत बसतात.